रात्री साडेबाराचे दोन आकडे

शेठ, काल रात्री पाठवलेले दोन्ही फोटो बघितले. साडेबाराला बिलिंगच्या ॲपमध्ये आजची विक्री ०, रिपोर्टच्या ॲपमध्ये १८,६४०. घाबरू नका, गल्ला बरोबर आहे.

बिलिंगचं ॲप रात्री बाराला तारीख बदलतं. रिपोर्टवाल्याच्या सेटिंगमध्ये UTC आहे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं घड्याळ. त्याचा 'आज' पहाटे साडेपाचला उजाडतो, तोवर कालचाच आकडा दाखवतो. आपलं शटर साडेदहाला पडतं, मधे बिल फाटत नाही, म्हणून सकाळी दोन्ही जुळतात. दिवाळीत रात्रभर दुकान चालवलंत तर मात्र बारानंतरची बिलं रिपोर्टमध्ये आदल्या दिवसात जातील. उद्या दुपारी येऊन तिथे Asia/Kolkata करून देतो. तोवर बारानंतर बिलिंगचंच धरा.