आटली की उपसली? ‘झिरा’ या कवितेचं एक वाचन

गिरणाकाठच्या एका गावातल्या शाळेत गेल्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, कवितावाचन झालं. भडगाव तालुक्यातलं गाव, ओट्यावर सतरंजी, समोर पंचवीस-तीस माणसं. एका ताईंनी वहीतून वाचलेली कविता मी तिथंच उतरवून घेतली. त्या शेतात राबतात, कविता कुठंच छापलेली नाही. नाव न घालता लिहायला त्यांनी मला परवानगी दिली. कविता अशी :

माझ्या आजीच्या वेळी नदी आटली
तेव्हा झिरा कोपरभर.
आईच्या वेळी नदी आटली
तेव्हा झिरा कमरेइतका.
माझ्या वेळी नदी आटली,
मी खांद्यापर्यंत उतरले
आणि मुरूम लागला.

वाळू कुठंय, मी विचारलं.
टिटवी ओरडली. ती नेहमीच ओरडते.

नदी आता येते तारखेनं,
दवंडी आधी, पाणी मागून.
राहते चार दिवस
आखाजीला आलेल्या लेकीसारखी,
निघताना मागं वळून बघत नाही.

श्रावणात कानबाईला
बादलीत न्हाऊ घातलं.
बादली हलली. कानबाई नाही.

आटली म्हणतात.
आटतं ते कढईतलं दूध.
हिला उपसलं.

ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हणालं, ‘नदीमायची फार करुण कविता.’ मला तिथंच अडखळायला झालं, कारण कवितेत ‘माय’ हा शब्दच नाही. खानदेशात गिरणेवर, तापीवर बोलायचं आणि ‘माय’ म्हणायचं नाही हे सोपं नसतं, ओठावर आपोआप तोच शब्द येतो. ताईंनी तो येऊ दिला नाही.

पर्यावरणीय समीक्षा हा शब्द मराठीत आता विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापर्यंत आला आहे. अमेरिकी समीक्षक विल्यम रूकर्ट यांनी 1978 मध्ये इंग्रजीत त्याचा मूळ शब्द वापरला. त्यामागचा प्रश्न सरळ आहे. कवितेतला निसर्ग माणसाच्या दुःखाचा नुसता पडदा आहे, की त्याचं स्वतःचं काही चाललेलं आहे? आपल्याकडे कवितेतली नदी बहुतेक वेळा कवीच्या मनाचं चित्र होऊन येते. मन कोरडं तर नदी कोरडी. ‘झिरा’ वाचताना हा सांधा निखळतो, कारण इथं नदी कोरडी आहे ती पाणी नाही म्हणून.

आधी झिऱ्याविषयी, कारण वर्गात ही कविता वाचली तेव्हा निम्म्या मुलांना हा शब्द सांगावा लागला. उन्हाळ्यात धार बंद पडली की बायका पात्रातल्या वाळूत हातानं खड्डा करतात. थोडं थांबलं की तळाशी पाणी पाझरतं. वाटीनं किंवा करवंटीनं ते हंड्यात भरायचं. हे जमतं ते वाळूमुळं. कणांमधल्या फटींत पाणी साठून राहतं आणि वरचा कोरडा थर त्याला उन्हापासून झाकतो. वाळू ही नदीची कोठी आहे. म्हणून वरवर कोरडी दिसणारी नदी पूर्वी मेलेली नसायची, खाली गेलेली असायची. पहिल्या कडव्यातली आजी या खाली गेलेल्या नदीशी रोज बोलत होती. कोपरभर हात घातला की नदी भेटायची.

मग माप बदलतं. कोपर, कंबर, खांदा. फूट नाही, मीटर नाही, बाईचं अंग हीच पट्टी आहे. पाणी भरणं कुणाच्या वाट्याला आलेलं आहे, हे कविता वेगळं सांगत नाही. ते मापातच आहे. साहित्याचे अभ्यासक रॉब निक्सन यांनी 2011 मध्ये ‘संथ हिंसा’ ही कल्पना मांडली. जी हानी एका दिवसात होत नाही, बातमी होत नाही, पिढ्यांवर पसरलेली असते, ती. अशी हानी दाखवायची कशी, हा लेखकांपुढचा मोठा पेच आहे. ताईंनी तो सात ओळींत सोडवला. तिन्ही वेळा शब्द तेच आहेत, ‘नदी आटली’. बदलतं ते फक्त खड्ड्याचं माप. आजीला, आईला आणि मुलीला एकच वाक्य म्हणावं लागतं. भाषा स्थिर आणि जमीन खाली चाललेली, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

टिटवीची ओळ मला या कवितेतली सर्वांत चांगली वाटते. दुसऱ्या कुणी टिटवीला रडवलं असतं. इथं ती ओरडते आणि पुढं लगेच, ‘ती नेहमीच ओरडते.’ टिटवी अंडी घालते ती उघड्यावर, खडीत, वाळूत. जवळ कुणी आलं की ओरडून घिरट्या घालणं हे तिचं कामच आहे. म्हणजे वाळू कुठंय विचारणाऱ्या बाईला ती उत्तर देत नाही, तिच्यावर ओरडते. तिच्या लेखी खड्डा खणणारी ताई आणि वाळू भरणारा ट्रॅक्टर यांच्यात फरक नसावा. कवितेनं पक्ष्याला माणसाच्या बाजूचा साक्षीदार केलं नाही, त्याचं घर त्याच्याकडं राहू दिलं. बहिणाबाईंच्या मुलखातली ही सवय आहे असं मला वाटतं. पाखरू आधी पाखरू असतं, दाखला नंतर होतो.

तिसरं कडवं धरणाचं आहे, पण धरण हा शब्द नाही. गिरणा धरण 1969 चं, वर नांदगाव तालुक्यात. त्याच्या खालच्या गावांना उन्हाळ्यात नदी दिसते ती आवर्तन सुटल्यावर. ‘आवर्तन’ हा पाटबंधारे खात्याचा शब्द आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतो. आधी काठच्या गावांना इशारा, मोटारी काढून घ्या, गुरं उतरवू नका, मग पाणी. पूर्वी नदीमुळं तिथी कळायची, आता तारखेमुळं नदी कळते. आणि उपमा लेकीची. माय म्हटलं की ती देतच राहणार, विचारायची गरज नाही. म्हणूनच नदीला माय म्हणत म्हणत आपण तिचं सगळं नेऊ शकलो. लेक मात्र दुसऱ्याच्या घरची झालेली असते. आखाजीला ती येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते आणि दिवस संपले की जाते. तिच्या येण्याजाण्याची तारीख ती ठरवत नाही. पण ‘मागं वळून बघत नाही’ हे मला खरं वाटत नव्हतं. माहेरहून निघालेली लेक वळून बघतेच. दोनतीनदा वाचल्यावर कळलं की उपमा तिथं मुद्दाम मोडली आहे. लेक वळून बघेल, पाणी बघणार नाही. नदीला माणूस करायची हद्द ताईंनी या ओळीत आखून दिली.

कानबाईच्या कडव्यात एक शब्द सहज निसटतो, ‘श्रावणात’. कानबाई ही खानदेशातली घराघरांतली देवी. ती बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. म्हणजे हा कोरडेपणा वैशाखाचा नाही, ऐन पावसाळ्यातला आहे. वर धरण भरेपर्यंत येणारं पाणी वरच अडतं, आणि खाली पाऊस ओढ देऊन बसला की पात्र भर पावसाळ्यात उघडं राहतं. दुष्काळ म्हणून आभाळाला दोष देऊन मोकळं होता येत नाही, ते या एका महिन्याच्या नावामुळं. ‘बादली हलली. कानबाई नाही’ या ओळीवर मी फार लिहिणार नाही. ज्यांनी घरची कानबाई नदीवर नेली आहे त्यांना ती कळते.

आता शेवट. मराठीत ‘नदी आटली’ या वाक्यात कर्ता नदीच असते. जणू तिनंच ठरवलं. झाड पडलं, विहीर आटली, डोंगर बोडका झाला, अशी वाक्यं आपण रोज बोलतो आणि करणारा त्यांतून सुटून जातो. आमच्या अहिराणीतही आजी ‘गिरना आटनी’ म्हणून सुस्कारा सोडते. कविता पाच कडव्यांत या क्रियापदाशी भांडते आणि ते फेकून देते. आटतं ते कढईतलं दूध. इथं मला ताईंच्याही पुढं जावंसं वाटतं. दूधसुद्धा आपोआप आटत नाही, खाली कुणीतरी जाळ लावलेला असतो. म्हणजे ‘आटणं’ या शब्दात लपलेला हात दुधाच्या उदाहरणातही आहे.

आणि मग ‘उपसलं’. हा शब्द गिरणाकाठी रोज कानावर येतो. वाळूचा उपसा, गाळाचा उपसा, उपसा सिंचन, मोटारीनं पाणी उपसणं. रात्री पात्रातून डंपर जातात, त्यांच्याकडं बोट दाखवणं सोपं आहे आणि दाखवलंही पाहिजे. वाळू गेली की नदीची कोठी गेली, झिऱ्याला मुरूम लागला तो त्यानंच. पण भूजल पात्राच्या तळापेक्षा खाली गेलं की नदीच जमिनीत उतरते, पूर्वी जमीन नदीला पाणी द्यायची ते उलटं फिरतं. केळीला, कपाशीला, लिंबाला ते पाणी आपणच ओढलं. रावेर-यावलकडची केळी साऱ्या देशात जाते, आणि त्याच पट्ट्यात भूजल उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला आहे. एकाच क्रियापदात डंपर आणि आमची मोटार दोन्ही बसतात. कविता मात्र ‘हिला उपसलं’ म्हणून थांबते. कुणी, ते नाही. इथं कर्ता पुन्हा गळला आहे, आणि हे या कवितेचं उणेपण आहे असं माझं मत झालं होतं.

या खानदेशानं उपशाशिवायचं पाणीही पाहिलेलं आहे. पांझरेवर फड होते. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, उतारानं आपोआप फडात उतरणारं पाणी, पाळी बघायला पाटकरी, राखायला जागल्या. त्या वर्षी पाणी किती यावर कुठल्या फडात काय पेरायचं ते गाव मिळून ठरवायचं. नदीतून काही वर ओढायचंच नसल्यानं तिथं ‘उपसणं’ हे क्रियापदच लागत नव्हतं. कवितेत फड नाही आणि त्याची गरजही नाही. पण शेवटची ओळ वाचताना मला तो शब्द नसलेला काळ आठवत राहतो.

महिन्याभरानं ताई बाजारात भेटल्या. मी म्हणालो, ‘ताई, शेवटी कुणी उपसलं ते लिहायला हवं होतं.’ त्यांनी पिशवी खाली ठेवली.

‘सर, तुमच्या मळ्यात पाणी कितीवर आहे?’

आजोबांची विहीर साठ फुटांची. वडिलांनी तिच्यात आडवे बोर मारले. माझ्या वेळी बोअर घेतली, तिला तीनशेवर पाणी लागलं. मी त्यांना ते तसंच, त्याच क्रमानं सांगितलं.