वसतिगृहातल्या मुक्तास आईचे पत्र

दि. ९ सप्टेंबर

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र काल मिळाले. फोनवर रोज ‘मी बरी आहे’ म्हणणाऱ्या मुलीला हे सारे कागदावर उतरवताना किती जड गेले असेल, याची मला कल्पना आहे. पहाटे चारला जाग येऊन छातीत धडधडते, तळहातांना घाम येतो, वर्गात आपले नाव पुकारले जाईल या धास्तीने तू मागच्या बाकावर बसतेस आणि गर्दी ओसरल्यावर एकटीच जेवायला जातेस, हे वाचून माझाही जीव कासावीस झाला. पण तू लिहिलेस की ‘मी मुळातच दुबळी आहे’, ते मात्र मला मान्य नाही.

धडधड होते ती शरीराच्या जुन्या सवयीमुळे. संकट समोर आहे असे वाटले की अ‍ॅड्रिनलिन स्रवते, हृदय वेगाने चालते, श्वास उथळ होतो आणि पोटात गोळा येतो. मग संकट वाघाचे असो की तोंडी परीक्षेचे. त्रासदायक असली तरी ही लाट काही वेळाने आपोआप ओसरते. त्या वेळी श्वास जेवढा वेळ आत घेशील त्याहून अधिक वेळ सावकाश सोड. भीती लगेच पळेल असे नाही, पण शरीराला शांत व्हायला वाव मिळेल.

आता माझी एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बाबांनाही पुरती ठाऊक नाही. पहिल्या नोकरीत मला टेलिफोनची भीती वाटत असे. घंटी वाजली की मी फाइल शोधण्याचे निमित्त करून उठायची आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई फोन घ्यायच्या. दर वेळी सुटल्यासारखे वाटे, पण वर्षभरात भीती इतकी वाढली की घंटी वाजण्याआधीच हात गार पडू लागले. त्या बाई महिनाभर रजेवर गेल्या तेव्हा नाइलाजाने फोन घ्यावा लागला. पहिल्या दिवशी मी अडखळले, नावे चुकीची टिपली, एकदा रडलेसुद्धा. महिना संपता संपता फोन हा नुसता फोन उरला होता. टाळल्याने मिळणारी सुटका भीतीलाच खतपाणी घालते, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून ‘मी घरी परत येऊ का?’ या तुझ्या प्रश्नाला आज ‘ये’ असे उत्तर देत नाही. दार तुझ्यासाठी बंद नाही, कधीही नसेल. पण पळून येण्याआधी थोडे करून पाहू. या आठवड्यात फक्त जेवणाच्या वेळी सगळ्यांबरोबर जा, बोलली नाहीस तरी चालेल. ते अंगवळणी पडले की एक बाक पुढे सरक. तोंडी परीक्षेचे नंतर बघू. रात्री जागण्यासाठी घेत असलेली कॉफी मात्र दुपारनंतर बंद कर, कारण ती झोप तर उडवतेच, शिवाय धडधडही वाढवते.

यात माझीही एक चूक आहे. तू दिवसातून दहा वेळा ‘सगळे ठीक होईल ना?’ असे विचारतेस आणि मी हातातले काम टाकून ‘होईल ग’ असे कळवते. त्या उत्तराने तुला तासभर बरे वाटते आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. यापुढे आपण रात्री ९ वाजता निवांत बोलू. मधल्या वेळात उत्तर आले नाही, तर आई रागावली असे समजू नकोस. मलाही ते कठीणच जाणार आहे.

मात्र जगणेच नको असा विचार कधी मनाला शिवला, तर नऊची वाट पाहायची नाही. मध्यरात्र असली तरी मैत्रिणीला किंवा वॉर्डनबाईंना उठव आणि मला फोन कर. मी निघेन.

महाविद्यालयात समुपदेशक आहेत असे तू प्रवेशाच्या वेळी सांगितले होतेस. याच आठवड्यात त्यांची वेळ घे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे, असे आमच्या पिढीत मानत. ते अडाणीपणाचे होते. डॉक्टरांनाही दाखव, कारण थायरॉइड वाढल्याने किंवा रक्त कमी असल्यानेही अशी धडधड होऊ शकते आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. औषध लागले तर ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यायचे. मैत्रिणीने देऊ केलेली झोपेची गोळी नको.

येत्या शनिवारी मी सकाळच्या गाडीने येते. तुला न्यायला नव्हे, भेटायला. तुझे पत्र मी माझ्या कपाटात ठेवले आहे. बाबा विचारत होते; त्यातले काय सांगायचे ते तू ठरव, तोवर मी गप्प आहे.

तुझी,
आई