काका-काकूंच्या ठेवींची मुदतवार मांडणी, लातूर (१ नोव्हेंबर २०२५)

काकांचं वय ६६, काकूंचं ६२. घर स्वतःचं, कर्ज नाही. सगळी शिल्लक मिळून ५६ लाख रुपये आहेत, पण ती चुकीच्या जागी आणि चुकीच्या तारखांना अडकली आहे. २१ लाखांची एकच पावती म्हणजे दिवाळीला २५ हजार लागले तरी २१ लाख मोडायचे. या मांडणीत पैसा असा लावला आहे की ज्या महिन्यात खर्च मोठा, त्या महिन्याच्या आधी तेवढीच पावती मोकळी होईल आणि बाकीच्या पैशाला हात लागणार नाही.

आज काय आहे

राष्ट्रीयीकृत बँकेत काकांची २१,००,००० ची ठेव, मुदत १७ नोव्हेंबर २०२५. त्याच बँकेत बचत खात्यावर ४,४०,०००. नागरी सहकारी बँकेत ११,५०,०००, मुदत ५ जानेवारी २०२६. पतसंस्थेत ६,००,०००, साडेदहा टक्क्यांनी, मुदत २० डिसेंबर. काकूंच्या स्वतःच्या नावे ७,१०,०००, मुदत ९ फेब्रुवारी. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना दोघांच्या नावे ६,००,०००, दर ७.४ टक्के, जून २०२८ पर्यंत.

दोन एकर बटईने दिलेलं रान हिशेबात धरलेलं नाही. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, आणि ज्या उत्पन्नाची तारीख सांगता येत नाही त्यावर औषधाचा खर्च टाकू नये. आलं तर ते वरचं समजा.

खर्च

दरमहा: किराणा ६,५००, दूध २,४००, भाजी-फळं ३,०००, औषधं ४,२००, वीज १,३००, गॅस ९००, मोबाईल-टीव्ही ९००, धुणीभांडी १,५००, पेट्रोल-रिक्षा १,२००, आहेर आणि देणंघेणं १,५००, किरकोळ १,१००. एकूण २४,५००.

वर्षातून एकदा येणारे: जानेवारीत तपासण्या आणि डोळे १२,०००. मार्चमध्ये घरपट्टी-नळपट्टी ७,००० आणि ज्वारी, गहू, तूरडाळीची बेगमी २२,०००. एप्रिल-मेमध्ये पाण्याचे टँकर ८,०००. जूनमध्ये आरोग्य विमा ४६,०००. महालक्ष्म्या १०,०००, दिवाळी आणि लेकी-जावई २५,०००. एकूण १,३०,०००. बहुतेक घरांत हिशेब चुकतो तो इथेच. लोक महिन्याचा खर्च अगदी बरोबर सांगतात आणि वर्षाचे हे सव्वा लाख विसरतात, मग जूनमध्ये ठेव मोडतात.

२०२६ मध्ये आणखी एक भर आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे धोंड्याचं वाण. त्यासाठी १५,००० वेगळे धरले आहेत.

महिन्याचा खर्च कुठून भागेल

काकांची ईपीएस पेन्शन ३,१००, वरच्या खोलीचं भाडं ४,५००, पोस्टाची मासिक प्राप्ती ३,७००. मिळून ११,३००. कमी पडतात १३,२००.

ही तूट भरायला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०,००,००० ठेवायचे. काका पहिले खातेदार, काकू दुसऱ्या. सध्याच्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ४१,००० मिळतात, म्हणजे तीन महिन्यांच्या ३९,६०० च्या तुटीला पुरून थोडे उरतात. दर खातं उघडताना ठरतो आणि पाच वर्षं तोच राहतो. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं. ते बचत खात्यात आलं की एकदम खर्चायला काढू नका, त्यात तीन महिने आहेत. न उचललेल्या व्याजावर पुन्हा व्याज मिळत नाही, म्हणून ते पोस्टात पडू न देता बचत खात्याला जोडा. रक्कम चेकनेच भरा.

पहिल्या तिमाहीत मात्र खड्डा पडेल. खातं १८ नोव्हेंबरला उघडलं तर १ जानेवारीला फक्त ४४ दिवसांचं, म्हणजे सुमारे १९,८०० रुपयेच व्याज येईल. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरची २६,४०० ची तूट आहे. हे सगळं बचत खात्यातून भागवायचं, म्हणून तिथे २,००,००० राखले आहेत: २०२६ चे वर्षाचे खर्च आणि धोंडा १,४५,०००, दोन महिन्यांची तूट २६,४००, जानेवारी-मार्चमध्ये कमी पडणारे १९,८००. बेरीज १,९१,२००.

सोळा पावत्या

पेन्शन वाढत नाही, भाडं वाढेलच असं धरलेलं नाही, खर्च मात्र दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढेल असं धरलं आहे. त्यामुळे २०२७ पासून पावत्यांनी दोन कामं करायची: वर्षाचे मोठे खर्च आणि महिन्याच्या खर्चातली वाढ. खालच्या रकमा मुदतीला हातात येणाऱ्या आहेत.

| मुदत | २०२७ | २०२८ | २०२९ | २०३० |
|---|---|---|---|---|
| ९ जानेवारी | १७,००० | २३,००० | २८,००० | ३४,००० |
| ९ मार्च | ४४,००० | ५१,००० | ५८,००० | ६६,००० |
| ९ जून | ५३,००० | ६१,००० | ६९,००० | ७७,००० |
| ९ ऑगस्ट | ४२,००० | ४८,००० | ५६,००० | ६४,००० |
| एकूण | १,५६,००० | १,८३,००० | २,११,००० | २,४१,००० |

आज किती ठेवायचे ते मागून काढायचं. ९ जून २०२८ ला ६१,००० हवेत, ठेव ९ जानेवारी २०२६ ची, मुदत २९ महिने. साडेसहा टक्के तिमाही चक्रवाढीने एका रुपयाचे १.१६८६ होतात, म्हणून ५२,२०० ठेवायचे. असं सोळाही पावत्यांचं मिळून सुमारे ६,५३,००० लागतात. प्रत्यक्ष दर साडेसहापेक्षा जास्त मिळाला तर पावती तेवढीच ठेवा, वरचे आपोआप मिळतील.

सण तिथीने फिरतात, बँक इंग्रजी तारखेने चालते. गणेश चतुर्थी २०२८ मध्ये २३ ऑगस्टला आहे, २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. म्हणून महालक्ष्म्या-दिवाळीची पावती सप्टेंबरची नव्हे, ९ ऑगस्टची ठेवली आहे. मार्चची पावती महिनाअखेरीस नको, तेव्हा बँकेत वर्षअखेरीची गर्दी असते आणि बेगमीची ज्वारी तोपर्यंत महाग होऊ शकते. विम्याचा हप्ता १८ जूनला आहे, त्याच्या नऊ दिवस आधी पैसे हातात येतात. मधे सुट्टी आली तरी चालेल. हा हप्ता लांबवून पॉलिसी खंडित होऊ देऊ नका. या वयात नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा सुरू होते.

दरमहा एक पावती काढा असाही सल्ला लोक देतात. तो इथे नको. साठ पावत्या सांभाळताना एखादी निसटतेच, आणि महिन्याचा खर्च व्याजावर भागत असताना त्याची गरजही नाही.

मागची फळी आणि अडीनडी

उरलेल्या १७,४७,००० च्या पाच मोठ्या ठेवी, दर डिसेंबरच्या ९ तारखेला एक सुटणारी: २०२६ आणि २०२७ ला काकूंच्या नावे ३,५५,००० ची एकेक, २०२८ ला सहकारी बँकेत ३,५०,०००, २०२९ आणि २०३० ला ३,४३,५०० ची एकेक. पहिली सुटेल तेव्हा सुमारे ३,७४,६०० येतील. त्यातून २०३१ च्या चार पावत्या काढायच्या (मुदतीला मिळून २,७३,०००, त्यासाठी अंदाजे २,०५,०००) आणि उरलेले सुमारे १,६९,००० पुन्हा पाच वर्षांसाठी लावायचे. प्रत्येक डिसेंबरला हेच. ज्येष्ठ नागरिक खातं नोव्हेंबर २०३० मध्ये पूर्ण होतं, तेव्हा ते तीन वर्षांनी वाढवता येतं.

अडीनडीसाठी एकेक लाखाच्या चार ठेवी. एकदम चार लाखांची पावती केली तर ऐंशी हजारांसाठी सगळी मोडावी लागते. ठेव मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली तितक्या दिवसांचाच दर लागतो, आणि त्यातूनही बँक दंड कापते. फक्त या चार ठेवींना आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. बाकी सगळ्यांवर ‘मुदतीला रक्कम बचत खात्यात जमा’ असं लिहून द्या. नाहीतर जून २०२८ ची पावती न विचारता आणखी २९ महिन्यांसाठी गुंतते.

पैसे कोणत्या क्रमाने हलवायचे

१८ नोव्हेंबर: २१ लाखांतले २० ज्येष्ठ नागरिक योजनेत, एक लाख बचत खात्यात. बचत खात्यात २ लाख राखून उरलेल्या ३,४०,००० पैकी २,५३,००० अडीनडीच्या ठेवींना, ८७,००० मागच्या फळीला.

२० डिसेंबर: पतसंस्थेतले सहा लाख पूर्ण काढायचे. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा नाही, बँकेच्या ठेवीला आहे. साडेदहा आणि साडेसहातला फरक वर्षाला २४,००० रुपयांचा, आणि त्यासाठी सहा लाख मुद्दल पणाला लागतं. मराठवाड्यात पतसंस्थांच्या दारात रांगा लागलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. अर्ज मुदतीच्या आधी लेखी द्या, पोच घ्या. ‘दोन महिने थांबा’ म्हटलं तरी आपली मांडणी कोसळू नये म्हणूनच या पैशावर जवळची एकही पावती बेतलेली नाही. तो २०२९ आणि २०३० च्या फळीला जाईल.

५ ते ९ जानेवारी: सहकारी बँकेचे साडेअकरा लाख. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे, सगळ्या शाखा धरून. म्हणून तिथे साडेतीन लाखच राहतील. साडेसात टक्के मिळाले तरी डिसेंबर २०२८ पर्यंत ते ४.३५ लाखांच्या आसपास राहतात. बाकीच्या आठ लाखांतून ६,५३,००० च्या सोळा पावत्या, १,४७,००० अडीनडीला. १० तारखेला दुसरा शनिवार आहे, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

९ फेब्रुवारी: काकूंचे ७,१०,०००, दोन पावत्या.

कागद

काकूंच्या नावाच्या दोन पावत्या आणि सहकारी बँकेतली एक सोडून बाकी सगळं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने, प्रत्येक पावतीवर वारसाचं नाव, आणि नाव लागल्याची पोच. जुन्या पावतीवर वारस होता म्हणून नव्या पावतीवर तो येतोच असं नाही, हे काउंटरवर विचारून घ्या.

एप्रिलमध्ये प्रत्येक बँकेत आणि पोस्टात टीडीएस कापू नये म्हणूनचा फॉर्म भरा. ज्येष्ठांना एका ठिकाणी वर्षाला एक लाखापेक्षा जास्त व्याज झालं की टीडीएस कापतात, आणि पोस्टाचं ज्येष्ठ नागरिक खात्याचं व्याज १,६४,००० आहे. नव्या करप्रणालीत तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या बरंच खाली असल्याने कर लागत नाही, पण फॉर्म राहिला तर कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळवावे लागतात. चक्रवाढ ठेवीचं व्याज हातात आलं नसलं तरी बँक ते दरवर्षी धरते, हेही लक्षात असू द्या.

ईपीएसचा हयातीचा दाखला एक वर्ष चालतो. पुढची तारीख पावत्यांच्याच वहीत ९ जानेवारीच्या पानावर लिहून ठेवा. वही काकूंनाही माहीत असलेल्या कपाटात असावी, आणि त्यातल्या प्रत्येक पावतीसमोर खर्चाचं नाव असावं: ‘विमा २०२८’, ‘बेगमी २०२९’. तसं लिहिलेली पावती दुसऱ्या कामाला मोडताना हात थांबतो.