अभ्यासवैराग्याभ्यां तन्निरोधः : पदशः अर्थ

अभ्यासवैराग्याभ्यां तन्निरोधः ॥ पतंजलींची योगसूत्रे, समाधिपाद, सूत्र 12 ॥

अभ्यास आणि वैराग्य या दोहोंनी त्यांचा निरोध होतो. मूळ सूत्रात क्रियापद नाही, ‘होतो’ आपण घातले.

तत् – त्यांचा, म्हणजे वृत्तींचा, चित्तात उठणाऱ्या हालचालींचा. सूत्र 5 ते 11 मध्ये प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती या पाच वृत्ती सांगून झाल्या आहेत. ‘तत्’ त्यांच्याकडे बोट दाखवते. पुढच्या ‘नि’मुळे ‘तत्’चे ‘तन्’ झाले.

अभ्यास – मराठीत हा शब्द ऐकला की वही-पुस्तक आठवते. ते जरा बाजूला ठेवू. अभि + अस्. हा अस् ‘असणे’वाला नव्हे, ‘फेकणे’वाला. मन पुन्हा पुन्हा एकाच दिशेला टाकणे. पतंजली पुढच्याच सूत्रात व्याख्या देतात: तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः. स्थिर राहण्यासाठी केलेला यत्न म्हणजे अभ्यास. स्थिरता मिळालीच पाहिजे असे ते म्हणत नाहीत! श्वासावर मन ठेवले, तिसऱ्या श्वासाला ते उद्याच्या कामाकडे पळाले, परत आणले. हे परत आणणे म्हणजेच अभ्यास. तो पक्का व्हायला सूत्र 14 तीन गोष्टी मागते: दीर्घ काळ, खंड न पडणे आणि सत्कार. इथे सत्कार म्हणजे हारतुरे नव्हेत, आदर.

वैराग्य – इथे मराठी वाचक हमखास फसतो, कारण आपला ‘राग’ म्हणजे संताप. संस्कृतात रञ्ज् म्हणजे रंगणे; राग म्हणजे विषयाचा चढलेला रंग, आसक्ती. तो उतरला की विराग, आणि विरागाचा भाव ते वैराग्य. सूत्र 15 ‘वितृष्ण’ असा शब्द वापरते, म्हणजे तहान न उरलेला. पाहिलेल्या विषयांची तहान नको, तशी स्वर्गासारख्या नुसत्या ऐकलेल्या विषयांचीही नको. गोड खाणे सोडले आणि दिवसभर गोडाचेच विचार, हा त्याग झाला. वैराग्य अजून लांब आहे.

-भ्याम् – माझ्या मते सूत्राचा सगळा भार या प्रत्ययावर आहे. तृतीयेचे द्विवचन: ‘दोहोंनी’. मराठीत द्विवचन नाही, म्हणून ‘अभ्यासाने किंवा वैराग्याने’ असे सैल वाचन होते. योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, इथे चित्ताला दोन्हीकडे वाहणारी नदी म्हटले आहे: एक ओघ कल्याणाकडे, एक पापाकडे. वैराग्य विषयांकडचा ओघ अडवते, विवेकाचा अभ्यास दुसरा ओघ मोकळा करतो. नुसते अडवले तर पाणी तुंबेल; नुसते मोकळे केले तर अर्धे जुन्या वाटेनेच जाईल. म्हणून भाष्यकार निरोधाला ‘उभयाधीन’ म्हणतात.

निरोधः – नि + रुध्, अडवणे, आवरणे. सूत्र 2 मधल्या ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ मधलाच हा शब्द. तिथे योग म्हणजे काय ते सांगितले, इथे तो कशाने साधतो ते.