पुनर्विकासाचा नवा शासन निर्णय : गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदांच्या माहिती सभेत सचिवांनी केलेले भाषण
(मुलुंड पूर्व, रविवार, 25 ऑगस्ट 2019)

अध्यक्ष महोदय, समितीतले सहकारी आणि सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार.

आज ठराव नाही, मतदान नाही, सही करायला कुठलाही कागद फिरणार नाही. आजची सभा फक्त माहितीची. आपल्यापैकी 13 सभासदांनी या महिन्याच्या सुरुवातीला पुनर्विकासासाठी सभा बोलवा म्हणून लेखी मागणी दिली. ती समितीने नोंदवून घेतली आहे आणि त्यावरची विशेष सर्वसाधारण सभा 22 सप्टेंबरला ठेवली आहे. त्याआधी नियम काय आहे, हे सगळ्यांना सारखेच माहीत असावे, एवढाच आजचा हेतू.

नियम म्हणजे 4 जुलै 2019 चा शासन निर्णय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 79(अ) खाली सरकारने हे निर्देश दिले आहेत. याच कलमाखाली 3 जानेवारी 2009 चे निर्देश होते, त्यांच्या जागी आता हे आले. गेल्या दोन महिन्यांत व्हॉट्सअॅपवर एकच वाक्य फिरतेय : "आता 51 टक्क्यांत काम होते." ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठीच ही सभा.

आपले सभासद 48. जुन्या नियमात गणपूर्ती तीन चतुर्थांश होती, म्हणजे 36 जण यायला हवे होते आणि आलेल्यांपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे किमान 27 जणांचा होकार हवा होता. नव्या नियमात गणपूर्ती दोन तृतीयांश, म्हणजे 32. आणि होकार हवा 51 टक्के, पण हजर असलेल्यांचे नव्हे, एकूण सभासदांचे. 48 चे 51 टक्के म्हणजे 24.48, म्हणजे 25 मते. समजा 22 तारखेला 32 जण आले, 24 जण बाजूने आणि 8 विरोधात. आलेल्यांतले तीन चतुर्थांश बाजूने आहेत, तरीही ठराव पडला. कारण 25 वे मत घरी टीव्हीसमोर बसले होते. या नियमात गैरहजर राहणे म्हणजे विरोधात मत देणेच आहे. ज्यांचा खरोखर विरोध आहे त्यांनीही यावे, बोलावे आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. घरी बसून नोंद होत नाही.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब. तहकूब सभेलाही झाली नाही, तर सभासदांना पुनर्विकासात रस नाही असे धरले जाते आणि वर्षभर हा विषय पुन्हा आणता येत नाही. आपल्या सी विंगच्या जिन्याखालच्या कॉलममधले गज आत्ताच उघडे पडलेत. आणखी एक पावसाळा तसाच काढायचा का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता मत कोणाचे? नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याचे. मुलगा, सून, भाडेकरू, मुखत्यारपत्र घेऊन आलेले मेहुणे, यांपैकी कोणाचेही नाही. प्रॉक्सी चालत नाही. ज्यांची मुले परदेशात आहेत आणि फ्लॅट मुलाच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यांना हे ऐकायला आवडणार नाही, पण नियम तो आहे. बिगरसभासदांना या सभेत बसताही येत नाही आणि सभेचे व्हिडिओ चित्रीकरण होणार आहे, त्यामुळे मागच्या खुर्चीत कोण बसले होते हे नंतर दिसतेच.

आपली खरी अडचण वेगळी आहे. चार फ्लॅट अजून दिवंगत सभासदांच्या नावावर आहेत. नामनिर्देशन आहे, पण हस्तांतरणाचे कागद पुरे झालेले नाहीत. ते चार फ्लॅट 48 मध्ये मोजले जातात, पण त्यांचे मत देणारा कोणी नाही. म्हणजे प्रत्यक्षात 44 जणांतून 25 मते आणायची आहेत. त्या चार कुटुंबांना समितीने पत्र दिले आहे. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशनाची प्रत, हमीपत्र आणि अर्ज एवढेच राहिलेय.

22 तारखेच्या सभेची सूचना 14 दिवस आधी मिळायला हवी. म्हणून 6 सप्टेंबरला, गणपतीत, समितीचा माणूस दारी येईल. आरती चालू असली तरी पोचपावतीवर सही करा. "मला नोटीस मिळालीच नाही" या एका वाक्यावर चांगल्या सभा उपनिबंधकांकडे अडकतात. सभा पितृपक्षात आहे, अशी हरकत दोघांनी घेतली आहे. 22 ला बिल्डर निवडायचा नाही, पुनर्विकास करायचा की नाही एवढेच ठरवायचे आहे. इतिवृत्त 10 दिवसांत प्रत्येकाला मिळेल आणि एक प्रत उपनिबंधकांकडे जाईल.

होकार आला तर पुढची पायरी बिल्डर नव्हे. पुढची पायरी प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, ज्याला आपण पीएमसी म्हणतो. बहुतेक सोसायट्यांचा घोळ इथेच होतो. कोणाच्या तरी ओळखीचा बिल्डर येतो, गच्चीवर प्रेझेंटेशन देतो, चकचकीत पुस्तक वाटतो आणि मग तोच म्हणतो, पीएमसी माझ्याकडे आहे, फी मी देतो. बिल्डरच्या पैशावर आलेला सल्लागार कोणाची बाजू घेणार? म्हणून पीएमसीचे दरपत्रक आपण मागवायचे, निवड आपण करायची आणि फी सोसायटीच्या खात्यातून द्यायची. त्यासाठी वर्गणी काढावी लागली तरी ती स्वस्तच पडेल.

पीएमसी जमिनीची मोजणी करेल, इमारत पाहील, कागद तपासेल आणि प्रकल्प अहवाल देईल. अहवालावर सूचना आणि हरकती लेखी घेतल्या जातील. कागदांचे सांगायचे तर आपले अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणे, झालेले आहे, पण प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचेच नाव आहे. फेरफाराचा अर्ज सिटी सर्व्हे ऑफिसात दिला आहे. ते नाव बदलेपर्यंत कुठलाही शहाणा बिल्डर चांगला भाव देणार नाही, आणि जो देतो म्हणेल त्याच्यापासून जरा लांबच राहावे.

आता एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधता येते ते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली 2034 मधला 33(7)(ब) हा नियम 30 वर्षांवरच्या सोसायट्यांना जादा क्षेत्र देतो : अस्तित्वातल्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा दर फ्लॅटमागे 10 चौरस मीटर, यांत जे जास्त असेल ते, प्रीमियम न भरता. आपली इमारत 1982 ची, एकूण बांधकाम साधारण 2,400 चौरस मीटर. 15 टक्के म्हणजे 360, आणि 48 फ्लॅट गुणिले 10 म्हणजे 480. आपल्याला 480 मिळतील, म्हणजे फ्लॅटमागे सुमारे 107 चौरस फूट. उद्या एखादा बिल्डर "तुम्हाला शंभर फूट मोफत" म्हणाला, तर बांधकामाचा खर्च त्याचा आहे हे मान्य, पण ते क्षेत्र त्याने खिशातून काढलेले नाही. बाकीचे गणित समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आहे, ते पीएमसी मांडेल.

क्षेत्राची बोली फक्त रेरा कार्पेटमध्ये, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेल्या घराच्या आतल्या क्षेत्रात, ऐकायची. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप, "वापरण्यायोग्य", हे शब्द आले की थांबवायचे. आणि एक बारीक गोष्ट : रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरली जाते. म्हणून आपले आजचे क्षेत्रही पीएमसीने त्याच पद्धतीने मोजले पाहिजे, नाहीतर भिंतींची जाडीच आपल्याला वाढीव जागा म्हणून दाखवली जाईल.

निविदा सगळ्यांसमोर उघडल्या जातील. इच्छुक सभासद बसू शकतात, बोली लावणाऱ्यांचे प्रतिनिधीही. समिती सदस्याचा नातेवाईक बिल्डर चालत नाही. बिल्डर निवडीची सभा वेगळी. तिथे उपनिबंधकांनी नेमलेला प्राधिकृत अधिकारी हजर असतो, पुन्हा 14 दिवसांची सूचना, ओळखपत्र तपासणी, चित्रीकरण, आणि पुन्हा तेच 32 आणि 25, या वेळी लेखी संमतीने.

करारनाम्यात काय असावे, हे शासन निर्णयात दिले आहे. सगळ्यात जड कलम बँक हमीचे : प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के. खर्च 30 कोटी धरला तर हमी 6 कोटींची. बिल्डरला हेच सगळ्यात खुपते, म्हणून तो पर्याय पुढे करतो : दोन फ्लॅट तारण ठेवा, किंवा हमी टप्प्याटप्प्याने घ्या. न बांधलेला फ्लॅट तारण म्हणजे काहीच नाही. हमी बिनशर्त हवी आणि तिची मुदत पाहा. 12 महिन्यांची हमी घेऊन 30 महिन्यांचे काम करणारे पुष्कळ आहेत. नूतनीकरण झाले नाही तर मुदत संपायच्या आधीच हमी वटवायचा हक्क सोसायटीकडे असला पाहिजे.

काम दोन वर्षांत, अपवाद म्हणून जास्तीत जास्त तीन. तोवर पर्यायी जागा किंवा भाडे. भाड्याचे धनादेश आगाऊ घ्यायचे असतात, पण धनादेश म्हणजे पैसे नव्हेत, म्हणून भाडे थकले तर हमीतून वसूल होईल असे लिहून घ्यायचे. करार नोंदणीकृतच हवा. बिल्डरने आपले हक्क दुसऱ्याला विकायचे नाहीत. आणि सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय घर रिकामे करायचे नाही. आयओडी, म्हणजे पालिकेची पहिली मंजुरी, आली म्हणजे सगळे आले, असे नाही. आयओडीमध्ये अटी असतात, त्या पुऱ्या झाल्यावर सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळते आणि सीसी मिळाल्यावरच बांधकाम सुरू होते. नव्या घरात जायचे ते ओसी, म्हणजे पालिकेचा भोगवटा दाखला, मिळाल्यावरच. नवे फ्लॅट शक्यतो आजच्या मजल्याप्रमाणे. सोडत काढायची वेळ आलीच, तर निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि चित्रीकरण करून.

दोन प्रश्न आधीच लेखी आले आहेत. पहिला : हे निर्देश बंधनकारक आहेत का? 2009 च्या निर्देशांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ते मार्गदर्शक असल्याचे म्हटले आहे. छोट्या त्रुटीवरून अख्खी निवड रद्द होईलच असे नाही. पण त्रुटी ठेवली तर भांडणारा कोर्टात जातो, तारखा पडतात आणि बिल्डरला थांबायला आयते कारण मिळते. आपण अक्षरशः पाळू. दुसरा : बहुमत झाले आणि एकाने घर सोडायला नकार दिला तर? अल्पमतातला सभासद बहुमताचा प्रकल्प अडवून धरू शकत नाही, हे उच्च न्यायालयाने 2009 मध्येच सांगितले आहे. तरी अशा सभासदाचे म्हणणे काय आहे, ते आधी समितीने ऐकायचे. बहुतेक वेळा ते मजला, पार्किंग किंवा आजारी माणसाची सोय यांपैकी काहीतरी असते.

8 सप्टेंबरपर्यंत प्रत्येकाने भाग दाखल्याची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि चालू मोबाइल क्रमांक कार्यालयात द्यावा. संध्याकाळी 7 ते 9 कार्यालय उघडे राहील. संयुक्त नावे असतील तर पहिले नाव कोणाचे, ते भाग दाखल्यावर पाहून या.

आता प्रश्न घेऊ. आधी ए विंग.