रविवारच्या कबड्डी सामन्याआधी परशरामला

परशराम,

दुसऱ्या पाळीवरून आलास की जेवून घे आणि मग हे सावकाश वाच. फाउंड्रीच्या भट्टीसमोर आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला मी मैदानात आकडे सांगत बसलो तर एका कानात शिरेल, दुसऱ्यातून जाईल. म्हणून लिहून देतोय.

वैष्णवीने गेल्या चार सामन्यांचे व्हिडिओ बघून सगळं वहीत मांडलंय. प्रत्येक चढाई, कोण गेला, किती सेकंदांनी काय झालं. चार दिवस ती पोरगी कॉलेजातून आल्यावर त्यातच होती. येळ्ळूर रोडच्या सामन्याची शेवटची सहा मिनिटं मोबाईलची बॅटरी गेल्यामुळे मिळाली नाहीत, ती गुणपत्रकावरून भरली. चार सामने म्हणजे काही फार नव्हेत, हे मलाही कळतं. पण तीन गोष्टी इतक्या स्वच्छ दिसल्या, की खानापूरला त्या बदलल्याशिवाय उतरायचं नाही असं मी ठरवलंय.

चार सामन्यांत आपल्या १६२ चढाया झाल्या. त्यांतल्या ५८ चढायांत गुण मिळाले, ७१ रिकाम्या गेल्या, ३३ वेळा आपला गडी बाद झाला. आता नीट बघ. दोन रिकाम्या गेल्यावरची तिसरी, म्हणजे डू ऑर डाय, अशा चढाया फक्त २१ होत्या. त्यांत गुण आला पाच वेळा. बाद झालो सोळा वेळा. म्हणजे आपले चढाईत जेवढे गडी गेले, त्यांतले जवळजवळ निम्मे या २१ चढायांतच गेले. आणि २१ पैकी १७ वेळा गेलास तू. तेरा वेळा तुझीच पकड झाली.

तू कमी पडलास असं मी म्हणत नाही. बाकीच्या चार चढाया दुसऱ्यांनी केल्या, त्यांतही एकच जमली. तिसरी चढाई अवघडच असते, समोरच्यांना ठाऊक असतं की याला आता परत रिकाम्या हाताने जाता येणार नाही. पण दुसरा गडी पकडला गेला तर आपला एक गडी जातो, आणि तू पकडला गेलास तर आपला खेळच बसतो. तू मॅटवर होतास ती १०८ मिनिटं आपण ८४ गुण केले, ६६ दिले. तू बाहेर बसलास ती ५२ मिनिटं १९ केले, ४७ दिले. हे वाचून मी वही मिटली आणि थोडा वेळ अंगणात फेऱ्या मारल्या. दोन सामने आपण या बाहेर बसलेल्या वेळात हरलोय.

तेव्हा पहिला बदल: तिसरी चढाई तुझी नाही. तुझी दुसरी. पहिली सागर जाईल, ती रिकामी आली तर लगेच तू. तुझ्यावर तेव्हा सक्ती नसते, पकड दिसली तर मोकळा परत येऊ शकतोस. समोर सहा किंवा सात गडी असले तर बोनस घे, तुझा मागचा पाय उचलायला तुला कुणी शिकवायला नको. बोनस मिळाला की चढाई रिकामी राहत नाही आणि तिसरीची वेळच येत नाही. तरी आलीच, तर मारुती जाईल. संघनायक तिसरीला मागे राहिला असं कुणी म्हणेल, म्हणू दे. मी डगआउटमधून उठून सांगेन की हे माझं म्हणणं होतं.

मारुतीला मात्र एक सांगायचं. सोळा बाद झालेल्यांपैकी बारा शेवटच्या दहा सेकंदांत झाले. जमलेल्या पाचांपैकी चार पहिल्या पंधरा सेकंदांत. आपण तिसरीला उगाच वेळ काढतो आणि तेवढ्यात त्यांची साखळी बसते. गेल्या सामन्यात २१-२१ असताना तुझीच चढाई बघ, सात मिनिटं राहिली होती. तू डाव्या बाजूला उभा राहिलास, तळवा चड्डीला पुसलास, पंचाकडे बघितलंस. तू तळवा पुसलास आणि त्यांचा उजवा कोपरा अर्धं पाऊल आत सरकला. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, तीनदा थांबवून बघितलं. तू जाणार हे त्याला तुझ्या तळव्याने सांगितलं. मारुतीने पहिल्या दहा सेकंदांत जायचं, उजव्या कोपऱ्याच्या पायाला पाय लावायचा आणि परतायचं. जमलं तर जमलं. तू तोवर आत असशील, हेच हवंय.

आता बचावाचं. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे आपण मेहनत करून हरतो.

आपण ७४ वेळा पकडीला गेलो, २७ वेळा पकड झाली. आकडा तसा वाईट नाही. पण वैष्णवीने एक सुंदर काम केलं. प्रत्येक पकडीला चढाई करणारा निदान रेषा ओलांडून आला होता की अलीकडेच होता, ते लिहून ठेवलं. तो रेषेच्या अलीकडे असताना आपण ३१ वेळा झेपावलो, सहा पकडी झाल्या. रेषा ओलांडून आल्यावर ४३ वेळा गेलो, एकवीस झाल्या.

अरे, त्याला निदान रेषा ओलांडावीच लागते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटर आत यायचंच, नाहीतर गडी न शिवता परतला तर तो बाद. मग आपण कशाला पुढे धावायचं? आपण पुढे जाऊन त्याला शिवू दिलं की त्याचं रेषेचं बंधन तिथेच संपतं, आणि मध्यरेषाही त्याला एका उडीवर राहते. आपणच त्याची अडचण सोडवतो. गोकाककडच्या संघाचा तो नऊ नंबरवाला नेमका यावर जगतो. त्यांचा एक सामना मी संकेश्वरला उभा राहून बघितलाय. उजवीकडून येतो, एक पाय पुढे ठेवतो, आणि कोण पडतो याची वाट बघतो. त्याच्यासाठी पाय म्हणजे आमिष आहे. आपला बसू त्याला हमखास फसणार, रागीट आहे, पाय दिसला की सूर मारतो.

म्हणून दुसरा बदल: रेषा ओलांडल्याशिवाय पकड नाही. बोनस गेला तर जाऊ दे. बोनसने त्यांचा बाहेर बसलेला गडी आत येत नाही, गडी टिपला तरच येतो. हे पोरांना परत परत सांग. एक गुण गेला की आपली पोरं घर लुटल्यासारखं तोंड करतात आणि पुढच्या चढाईला आंधळेपणाने पुढे जातात.

आणि ओरडणं बंद. तू 'धर' म्हणालास की त्यांना कळतं, ते 'हिडी' म्हणाले की आपल्याला कळतं. या भागात दोन्ही भाषा सगळ्यांच्या कानावरच्या, लपवायचं काय? उलट आपलं ओरडणं ऐकून तो नऊ नंबर परत फिरतो. खूण हाताने करायची. कोपरा आणि शेजारचा हात धरूनच असतात ना, मग एकदा दाबलं म्हणजे थांब, दोनदा दाबलं म्हणजे जा. डावीकडे चेतन दाबेल, बसूचा हात त्याच्याच हातात असतो. चेतनने फक्त चढाई करणाऱ्याच्या पायाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. बसूचं एक काम वेगळं. त्याच्या घरी कन्नड बोलतात, समोरचा कोच बाहेरून काय सांगतो ते त्याला सगळ्यांत आधी कळतं. 'बोनस तगो' असं ऐकू आलं की त्याने डोळ्यांनी चेतनला सांगायचं. तेवढ्याने अर्धा सेकंद मिळतो, आणि अर्धा सेकंद पुरतो.

वहीत आणखी एक गोष्ट होती, ती मी मानली नाही. आकड्यांप्रमाणे उजव्या कोपऱ्यावरून आपल्या संघातल्या धाकट्या पोराला काढायला हवं, त्याच्या पकडी सगळ्यांत कमी. पण त्यातले दोन सामने तो मुरगळलेल्या घोट्यावर खेळला, पट्टी बांधून, कुणाला न सांगता. ते वहीत दिसत नाही. तो राहील. त्याला हे सांगू नकोस, पण त्याच्या घोट्याकडे लक्ष ठेव.

तिसरा बदल थोडक्यात. आपल्यावर चार सामन्यांत सात लोण बसले, चौदा गुण नुसते असेच दिले. आपले तीन किंवा कमी गडी उरले की आपण घाबरून गडी उठवायला धावतो. अशा वेळी आपल्या २६ चढाया झाल्या, अकरा पकडल्या गेल्या. प्रत्येक पकडीने आपण स्वतःच लोण जवळ आणला. आता तीन उरले की पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या. पूर्ण वेळ घ्यायचा, पाय निदान रेषेच्या पलीकडे टाकायचा आणि तीस सेकंदांच्या आत घरी. वर मी रिकाम्या चढायांवर बोललो आणि इथे त्याच मागतोय, असं वाटेल. सात गडी असताना रिकामी चढाई म्हणजे वाया, तीन असताना ती म्हणजे श्वास. मग त्यांना येऊ दे. तिघांत पकड झाली तर सुपर टॅकलचे दोन गुण आणि आपला एक गडी आत. चार सामन्यांत आपण असं तीनदाच केलंय, कारण तिथवर थांबतच नाही. आणि त्यांचीही तिसरी चढाई येतेच, तेव्हा त्यांना यावंच लागतं. आपली तिसरी आली तर त्या तिघांतला बचावाला कमी उपयोगाचा गडी पाठवायचा. कोपरे हलवायचे नाहीत.

शेवटच्या तिघांत तू असलास तर कव्हरला उभा राहा, मध्ये नको. तुला सवय मध्ये उभं राहायची, माहीत आहे मला.

बुधवारी आणि गुरुवारी सायंकाळी सहाला शाळेच्या मागे. पावसाने लाल माती भुसभुशीत झालीय, सूर मारायला बरी, पण रेषा पुसतात. मी चुन्याची पिशवी आणतो. निदान रेषा जाड मारू, बसूला अंधारातही दिसेल एवढी. त्याच्यावर चाळीस चढाया करायच्या. चेतनने दोनदा दाबायच्या आधी त्याचा पाय हलला तर ती चढाई मोजायची नाही, परत. पहिल्या दिवशी तो चिडेल. चिडू दे, तू काही बोलू नकोस, मारुतीला सांग त्याला पाणी द्यायला. शनिवारी काही नाही, झोपा काढा.

दोन टाइमआउट एका डावात मिळतात, पहिला मी घेईन. दुसरा तुझ्याकडे. तीन गडी उरले आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली, की माझी वाट बघू नकोस, हात वर कर.

बुधवारी पाळीवरून थेट येणार असशील तर शूज डब्याच्या पिशवीत घालून ने, घरी जाऊन यायला वेळ जातो. पाळी बदलून मिळणार नसेल तर उद्या सकाळीच कळव, आपण सातला करू.

सर