मुदत कायदा, 1963: चढत्या पायरीची सराव चाचणी (दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, पूर्वपरीक्षा)

प्रत्येक प्रश्नाला 70 सेकंद. पर्याय कागदावर लिहून मगच स्पष्टीकरण उघडा. बरोबर आले तर वरची पायरी, चुकले तर बाणाने दाखवलेला सोपा प्रश्न.

पायरी 1. दावा उघडच मुदतबाह्य आहे, पण प्रतिवादीने कैफियतीत मुदतीचा मुद्दा घेतलेला नाही. न्यायालय काय करेल?
अ) दावा चालवेल ब) फेटाळेल क) विलंब माफ करेल ड) वादपत्र परत करेल

बरोबर: ब (कलम 3) → पायरी 2
अ: बचाव घेतला नसला तरी दावा फेटाळायचा, असे कलम 3 स्वतःच सांगते.
क: कलम 5 अपील आणि अर्जांसाठी आहे, दाव्याला लागू नाही. सर्वाधिक फसवणारा पर्याय हाच.
ड: वादपत्र परत करणे हा अधिकारक्षेत्र नसल्यावरचा उपाय (आदेश 7 नियम 10).
चुकले → 1-क

1-क. कलम 5 खाली विलंबमाफी कशात मागता येते?
अ) ताब्याच्या दाव्यात ब) पहिल्या अपिलात क) आदेश 21 खालील अर्जात

बरोबर: ब → पायरी 2
अ: तो दावा आहे. क: आदेश 21 चे अर्ज कलमातच वगळले आहेत. चुकल्यास कलम 3 ते 5 वाचून पुन्हा पायरी 1.

पायरी 2. 10 जून 2022 ला हातउसने 2 लाख दिले, परतीची तारीख ठरली नाही. 5 मे 2025 ला ऋणकोने सही करून लिहिले: ‘देणे मान्य आहे, पण देणार नाही.’ दाव्याचा शेवटचा दिवस?
अ) 10 जून 2025 ब) 5 मे 2028 क) 10 जून 2028 ड) नकार असल्याने कबुलीच नाही

बरोबर: ब (कलम 18) → पायरी 3
अ: अनुच्छेद 19 ची मूळ मुदत एवढीच, तिच्या आत झालेली कबुली विसरली.
क: नवी मुदत सहीच्या दिवसापासून मोजतात, जुनी संपल्यावर पुढे जोडत नाहीत.
ड: देण्यास नकार दिला तरी कबुली चालते, असे कलम 18 चे स्पष्टीकरण (अ) म्हणते.
चुकले → 2-क

2-क. तीच रक्कम, पण कबुली फक्त फोनवर. शेवटचा दिवस?
अ) 10 जून 2025 ब) 5 मे 2028

बरोबर: अ → पायरी 3
ब: कबुली लेखी आणि सहीची हवी. चुकल्यास कलम 18 वाचून पुन्हा पायरी 2.

पायरी 3. तेच कर्ज, पण मुदतीत कबुली झाली नाही. मुदत 10 जून 2025 ला संपली. 20 जूनला ऋणकोने सही करून लिहिले: ‘ते 2 लाख 31 डिसेंबरपर्यंत फेडीन.’ पैसे आले नाहीत. धनकोचा आधार?
अ) मुदत कायदा, कलम 18 ब) करार कायदा, कलम 25(3) क) काहीच नाही, कर्जच विझले ड) कलम 5

बरोबर: ब. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सहीचे वचन मोबदल्याशिवायही करार ठरते. पायरी 2 मध्ये कबुली पुरली. इथे वचन लागते.
अ: कबुली मुदत संपण्यापूर्वीच हवी, इथे दहा दिवसांनी चुकली.
ड: पायरी 1 चा ‘क’ पुन्हा वाचा.
क: कलम 27 ने हक्क विझतो तो मालमत्तेचा, कर्जाच्या बाबतीत फक्त दाव्याचा मार्ग बंद होतो.